डीआर प्लॅन उलट्या बाजूने लिहू नका: बॅकअप-रिस्टोअरपासून पायलट लाइट आणि अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्हपर्यंत, कोणतं काम कोणत्या क्रमाने

डिझास्टर रिकव्हरीचे जे प्लॅन माझ्याकडे तपासायला येतात त्यात चूक जवळपास नेहमी त्याच दोन ठिकाणी असते. पहिली म्हणजे आधी "आपण पायलट लाइट करूया" असं ठरतं आणि मग त्याला शोभेल असा आरटीओ आरपीओचा आकडा खाली लिहिला जातो. दुसरी म्हणजे सगळ्या संकटांना मिळून एकच आकडा असतो, "आरटीओ 1 तास, आरपीओ 5 मिनिटं", बास. अरे पण डेटासेंटर जळालं तर एक तास, की कोणीतरी चुकून टेबल उडवलं तर एक तास? ही दोन वेगळी कामं आहेत, दोघांना लागणारा वेळ वेगळा, आणि एकासाठी घेतलेली महागडी सोय दुसऱ्याला कवडीची मदत करत नाही. हा लेख मुख्यतः ह्याच गोष्टीवर आहे.

व्याख्या पटकन: आरटीओ म्हणजे बंद पडल्या क्षणापासून पुढे मोजायचं, किती वेळात पुन्हा चालू झालं पाहिजे. आरपीओ म्हणजे त्याच क्षणापासून मागे मोजायचं, मागचा किती वेळाचा डेटा गेला तर सहन होईल. एक घड्याळ पुढे पळतं, दुसरं मागे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ. ऑर्डर घेणारी एक सिस्टिम आहे, 600 जीबीचा पोस्टग्रेस डेटाबेस, चार अ‍ॅप सर्व्हर, एक क्यू, काही क्रॉन जॉब, आणि इनव्हॉइसच्या पीडीएफ ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये. सगळं क्लाउडच्या एकाच रिजनमध्ये. वेळेचे आकडे ह्या उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्हालाच मोजावे लागतील आणि ते कसे मोजायचे तेही पुढे येतंच.

## 1. आधी संकटांची यादी, मग प्रत्येकासमोर दोन आकडे

एक मशीन मेलं, एक डिस्क गेली, ही डीआरची केस नाहीच. ते काम त्याच रिजनमधल्या दुसऱ्या कॉपीचं, हाय अव्हेलेबिलिटीचं. डीआरच्या यादीत दोन मोठे प्रकार येतात.

पहिला प्रकार, जागाच गेली. रिजन बंद, डेटासेंटरला आग, नेटवर्क तुटलं. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचचं एसबीजी2 हे डेटासेंटर जळून गेलं, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे सर्व्हरही गेले आणि बॅकअपही.

दुसरा प्रकार, जागा शाबूत आहे पण डेटा खराब झाला. `WHERE` विसरलेला `DELETE`, फसलेलं मायग्रेशन, अ‍ॅपमधला बग जो तीन तास चुकीच्या किमती लिहीत होता, रॅन्समवेअर. हा प्रकार जास्त वेळा होतो आणि प्लॅनमध्ये कमी वेळा असतो.

आता बिझनेसवाल्यांना आकडे विचारायचे, पण "किती वेळ बंद चालेल?" असं विचारू नका, उत्तर "शून्य" येणार हे ठरलेलं. असं विचारा: समजा दुपारी दोनला बंद पडलं आणि चारला चालू झालं, मधल्या दोन तासात तुमची माणसं काय करतील? आणि 1:50 ते 2:00 मधल्या ऑर्डर सिस्टिममध्ये नसतील तर त्या दुसरीकडून कुठून मिळतील का? पेमेंट गेटवेच्या रिपोर्टमधून, ग्राहकाला गेलेल्या ईमेलमधून परत उभ्या करता येत असतील तर आरपीओ पाच-दहा मिनिटं चालतो. कुठूनच मिळत नसतील तर चालत नाही. असा प्रश्न विचारला की शून्याचा हट्ट करणारी माणसंसुद्धा खरं बोलायला लागतात, माझा अनुभव आहे.

आपल्या उदाहरणात असं ठरलं: जागा गेली तर आरटीओ 1 तास, आरपीओ 5 मिनिटं. डेटा खराब झाला तर आरटीओ 4 तास, आरपीओ "चूक झाली त्याच्या एक मिनिट आधीपर्यंत". रिपोर्टिंगवाल्या डेटाबेसला दोन्हीकडे एक दिवस.

तपासा: एक तासवाली सिस्टिम ज्याच्या जिवावर चालते त्या सगळ्यांचा आकडा एक तास किंवा कमी आहे ना? ऑर्डर सिस्टिम एक तासात उठली आणि लॉगिन सर्व्हिसला एक दिवस दिलाय, तर ऑर्डरचा आरटीओ एक दिवसच झाला.

## 2. बॅकअप-रिस्टोअर नीट करा, पुढचं सगळं ह्यावर उभं आहे

ही सगळ्यात स्वस्त पद्धत. दुसऱ्या रिजनमध्ये काहीच चालू नसतं, फक्त बॅकअप पडलेले असतात. पायलट लाइट किंवा अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह केलं तरी ही काढून टाकता येत नाही, कारण रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही. प्रायमरीवर चालवलेला चुकीचा `DELETE` एखाद्या सेकंदात रेप्लिकावरही इमानेइतबारे चालतो.

रोज रात्री एक `pg_dump` हा आरपीओ 24 तासांचा झाला. पाच मिनिटं पाहिजेत तर बेस बॅकअप आणि त्यावर सतत वॉल फाइलींचं, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदींचं, आर्काइव्ह लागतं. आणि इथे एक सापळा आहे ज्यात भलेभले अडकतात. वॉलची फाइल डीफॉल्टने 16 एमबीची असते आणि ती भरल्याशिवाय आर्काइव्हला जात नाही. दिवसा गर्दीत ती दर काही सेकंदांनी भरते, सगळं छान दिसतं. रात्री ट्रॅफिक कमी झालं की तीच फाइल तासभर भरत नाही, म्हणजे रात्री तीनला मशीन गेलं तर तासाभराचा डेटा गेला, आणि कागदावर तुमचा आरपीओ पाच मिनिटं. त्यासाठी `archive_timeout` असतो, आणि तो डीफॉल्टने बंद असतो.

```
archive_mode = on
archive_timeout = 60
archive_command = 'pgbackrest --stanza=orders archive-push %p'
```

आता दर मिनिटाला, फाइल भरली नसली तरी, ती पुढे जाईल. 60 च्या खाली फार जाऊ नका, कारण अर्धवट भरलेली फाइलसुद्धा 16 एमबीचीच असते, नुसता फाइलींचा ढीग वाढतो.

`archive_command` फेल व्हायला लागली तर पोस्टग्रेस वॉल फाइली टाकून देत नाही, साठवत बसतो, आणि एक दिवस डिस्क भरून डेटाबेसच बंद पडतो. त्यामुळे `pg_stat_archiver` मधला `last_archived_time` आणि `failed_count` ह्या दोघांवर अलर्ट पाहिजेच. अलर्ट असाही ठेवा की "शेवटचं यशस्वी आर्काइव्ह पाच मिनिटांपूर्वीचं", कारण फेल झाल्याचा मेसेज येणं आणि यशस्वी झाल्याचा पुरावा असणं ह्यात फरक आहे. गिटलॅबने 31 जानेवारी 2017 च्या घटनेवर स्वतःच सगळं उघड लिहिलंय: एका इंजिनिअरकडून प्रायमरीची डेटा डिरेक्टरी उडाली, आणि मग कळलं की `pg_dump` चे बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हते, कारण चुकीच्या व्हर्जनची बायनरी चालत होती, आणि फेल झाल्याचे ईमेल मेल सर्व्हरच नाकारत होता. शेवटी कामाला आला तो सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. तोही नशिबाने होता.

बॅकअप कुठे ठेवायचे ह्याला दोन अटी. दुसऱ्या रिजनमध्ये, हे सगळे करतात. आणि वेगळ्या अकाउंटमध्ये, ऑब्जेक्ट लॉक लावून, हे बरेच जण करत नाहीत. ज्या अ‍ॅडमिन क्रेडेन्शियलने प्रॉडक्शन उडवता येतं त्यानेच बॅकअपही उडवता येत असतील तर रॅन्समवेअरसमोर तुमच्याकडे काहीच नाही.

सावधान: बॅकअप एन्क्रिप्टेड असतात आणि किल्ली बहुतेक वेळा मूळ रिजनच्या की सर्व्हिसमध्ये असते. रिजन गेला की बॅकअप समोर दिसतो पण उघडत नाही. दुसऱ्या रिजनमध्ये, मूळ रिजनला हात न लावता, तो उघडतो का हे आजच करून बघा.

## 3. स्टॉपवॉच लावून रिस्टोअर करा आणि वेळेचा हिशोब मांडा

आरटीओ हा ठरवायचा आकडा आहे. खरा लागणारा वेळ हा मोजायचा आकडा आहे. दोन्ही शेजारी लिहिल्याशिवाय कोणती पद्धत पाहिजे हे कळणारच नाही.

रिकाम्या अकाउंटमध्ये, दुसऱ्या रिजनमध्ये, शून्यापासून उभं करा. आमच्या उदाहरणातला हिशोब असा आला. कळायला 10 मिनिटं. "हे डिझास्टर आहे, चला तिकडे" हे ठरवायला 25 मिनिटं, आणि ही ओळ लोक लिहीतच नाहीत, जणू काय निर्णय आपोआप होतो. नेटवर्क आणि मशीन उभं करायला 35. 600 जीबीचा बेस बॅकअप, प्रत्यक्षात मिळालेला वेग सेकंदाला 100 एमबी, म्हणजे 6000 सेकंद, 100 मिनिटं. मग वॉल. बॅकअप रात्री दोनचा आणि घटना दुपारी चारची धरली तर 14 तासांचं वॉल, तासाला साधारण 3 जीबी, एकूण 42 जीबी, म्हणजे 16 एमबीच्या जवळपास 2700 फाइली. एकेक फाइल स्टोरेजमधून आणून लावायला सरासरी एक सेकंद, म्हणजे 45 मिनिटं. अ‍ॅप चालू करून तपासायला 20, ट्रॅफिक वळवायला 5. बेरीज 240 मिनिटं, चार तास.

आता हा हिशोब वाचा. डेटा खराब होण्याच्या केससाठी चार तास ठरले होते, काठावर का होईना बसतंय. जागा जाण्याच्या केससाठी एक तास पाहिजे, तिथे चौपट वेळ लागतोय. म्हणजे पहिल्या प्रकारासाठी पद्धत बदलायला लागणार, दुसऱ्यासाठी नाही. निर्णय असा हिशोबातून निघाला पाहिजे, मीटिंगमधल्या आवाजातून नाही.

पद्धत बदलायच्या आधी फुकटात मिळणारा वेळ घ्या. 2700 फाइली एकामागून एक आणण्याऐवजी पुढच्या फाइली आधीच समांतर आणून ठेवायची सोय पीजीबॅकरेस्टमध्ये आहे, `archive-async` चालू करा. दिवसातून दोनदा डिफरन्शियल बॅकअप घेतले तर लावायचं वॉलच कमी होतं. ह्यात अर्धा तास सहज सुटतो. आणि काही क्लाउडमध्ये स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क "तयार" लगेच दिसते, पण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून ऑब्जेक्ट स्टोरेजमधून येतो, त्यामुळे पहिला तासभर डेटाबेस रांगत असतो. स्टॉपवॉच "डेटाबेस चालू झाला" ला थांबवू नका, "ऑर्डर नेहमीच्या वेगात जाते" ला थांबवा.

डेटा खराब झाल्याच्या केसमध्ये अख्खा डेटाबेस मागे नेऊ नका. चूक 14:00 ला झाली आणि 15:30 ला लक्षात आली तर मधल्या दीड तासाच्या चांगल्या ऑर्डरही जातील. शेजारी वेगळ्या मशीनवर 13:59 पर्यंत रिस्टोअर करा आणि फक्त बिघडलेल्या ओळी उचलून आणा.

```
pgbackrest --stanza=orders --type=time \
  --target="2025-03-04 13:59:00+00" \
  --target-action=promote restore
```

टाइमझोन लिहायला विसरू नका. एकदा आमच्याकडे लिहिला नव्हता, सर्व्हर यूटीसीवर होता, आम्ही लोकल वेळ दिली होती, रिस्टोअर चुकीच्या "नंतर"चं झालं आणि तेच रिकामं टेबल पुन्हा समोर. दोन तास फुकट.

डेटा खराब होण्याची केस चार तासांहून लवकर निपटायची असेल तर मुद्दाम मागे ठेवलेली रेप्लिका ठेवता येते, `recovery_min_apply_delay = '2h'`. दोन तासांच्या आत चूक लक्षात आली तर तिच्यावर लगेच `SELECT pg_wal_replay_pause();` मारायचं, चूक अजून तिथे पोचलेली नसते. पण ही रेप्लिका फेलओव्हरला वापरायची नाही, तिचं काम फक्त हेच.

## 4. पायलट लाइट: काय सतत जळतं आणि काय विझलेलं

गीझरमध्ये एक छोटी ज्योत कायम पेटलेली असते आणि नळ सोडला की मोठा बर्नर पेटतो, नाव तिथून आलं. दुसऱ्या रिजनमध्ये डेटा सतत पोचत राहतो, पण अ‍ॅप सर्व्हर बंद. ह्यात आणि वॉर्म स्टँडबायमध्ये लोक गोंधळ घालतात. फरक सोपा आहे: आत्ता ह्या क्षणी एक रिक्वेस्ट तिकडे पाठवली तर उत्तर येईल का? काहीतरी चालू केल्याशिवाय येत नसेल तर पायलट लाइट. हळू का होईना येत असेल तर वॉर्म स्टँडबाय.

सतत चालू लागतं ते म्हणजे डेटाबेसची स्ट्रीमिंग रेप्लिका आणि पीडीएफवाल्या ऑब्जेक्ट स्टोरेजचं रेप्लिकेशन. ह्या दोघांचा उशीर वेगवेगळा असतो हे लक्षात घ्या. डेटाबेसमध्ये इनव्हॉइसची ओळ पोचली पण तिची पीडीएफ अजून वाटेत, असं होणारच, त्यामुळे अ‍ॅपने फाइल सापडली नाही म्हणून कोसळता कामा नये, पीडीएफ पुन्हा बनवता आली पाहिजे.

रेप्लिका किती मागे आहे हे बघायला सगळे हे वापरतात:

```sql
SELECT now() - pg_last_xact_replay_timestamp();
```

हे शांत वेळी खोटं बोलतं. प्रायमरीवर दहा मिनिटं एकही ट्रान्झॅक्शन झालं नाही तर रेप्लिका अगदी बरोबरीने असूनही आकडा दहा मिनिटं दाखवतो, मग अलर्ट वाजतात, मग कोणीतरी वैतागून अलर्ट बंद करतं, आणि खरी रेप्लिका तुटते तेव्हा कोणालाच कळत नाही. प्रायमरीवर एक छोटं टेबल ठेवा ज्यात दर दहा सेकंदांनी वेळ लिहिली जाते, आणि रेप्लिकावर ती ओळ वाचून फरक काढा. हाच तुमचा खरा, मोजलेला आरपीओ.

रेप्लिकेशन स्लॉट वापरत असाल तर अजून एक. दूरची रेप्लिका बंद पडली की स्लॉटमुळे प्रायमरी तिच्यासाठी वॉल साठवत राहते आणि डीआरची सोयच प्रॉडक्शनची डिस्क भरून टाकते. `max_slot_wal_keep_size` ला मर्यादा घाला.

विझलेला भाग म्हणजे अ‍ॅप सर्व्हर, लोड बॅलन्सर, क्यू वर्कर. हे सगळं टेराफॉर्मसारख्या कोडमधून उभं राहिलं पाहिजे, आणि तो कोड प्रॉडक्शनच्याच पाइपलाइनमधून प्रत्येक रिलीजला तिकडेही लागला पाहिजे. नाहीतर प्रॉडक्शनला व्हर्जन 90 आणि डीआरला 71 असं होतं, आणि डेटाबेसचा स्कीमा मात्र रेप्लिकेशनमुळे 90 चाच, अ‍ॅप पहिल्याच क्वेरीला आपटतं.

तपासा, एकेक करून:
- कंटेनर इमेज दुसऱ्या रिजनच्या रजिस्ट्रीत आहेत? मूळ रिजनमधून ओढायच्या असतील तर त्या मिळणार नाहीत.
- पासवर्ड, टोकन, टीएलएस सर्टिफिकेट तिकडे आहेत, आणि ताजे आहेत?
- त्या रिजनमध्ये तुमच्या अकाउंटचा कोटा किती मशीनचा आहे? नव्या रिजनमध्ये तो हास्यास्पद कमी असतो आणि वाढवायला तिकीट टाकावं लागतं.
- पेमेंट गेटवेकडे नव्या रिजनचे आयपी आधीच मंजूर करून घेतलेत? हे सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि कळतं सगळं चालू झाल्यावर, पहिलं पेमेंट फेल झालं की.

कोटा असला तरी मशीन मिळेलच असं नाही. मोठा रिजन बंद पडला की शेजारच्या रिजनमध्ये सगळेच धावतात. निदान कमीत कमी लागणारी कपॅसिटी राखीव घ्या.

नवा हिशोब: कळायला 5, ठरवायला 10, रेप्लिकाला प्रायमरी बनवायला म्हणजे प्रमोट करायला 2, अ‍ॅप उभं करायला 12, तपासायला 10, ट्रॅफिक 5. एकूण 44 मिनिटं. एक तासात बसलं. ठरवायचा वेळ 25 चा 10 झाला तो मशीनमुळे नाही. आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून झाला: "15 मिनिटांत मूळ रिजन परत येत नसेल किंवा कधी येईल सांगता येत नसेल तर ड्युटीवरचा माणूस कोणालाही न विचारता फेलओव्हर जाहीर करेल", आणि ही 15 मिनिटं घटना सुरू झाल्यापासूनची, म्हणजे कळायची 5 आणि ठरवायची 10.

## 5. फेलओव्हरच्या दिवशी: हा क्रम मोडू नका

एक, जुन्या प्रायमरीला बांधून टाका. रिजन "गेला" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो फक्त आपल्याला दिसत नसतो, तिकडे राइट्स चालूच असतात. अ‍ॅपचे डेटाबेस पासवर्ड बदला, नेटवर्क नियम बंद करा, जे हातात आहे ते करा. गिटहबला 21 ऑक्टोबर 2018 ला नेटवर्क फक्त 43 सेकंद तुटलं होतं. तेवढ्यात ऑटोमॅटिक फेलओव्हरने प्रायमरी दुसऱ्या किनाऱ्यावर नेली, पहिल्या किनाऱ्यावरचे काही सेकंदांचे राइट्स तिकडे पोचलेच नव्हते, आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या तासाहून जास्त नवे राइट्स जमा झाल्यावर मागेही जाता येईना. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. दूरच्या रिजनमध्ये नेण्याचा निर्णय माणसाने घ्यावा आणि पुढची पावलं स्क्रिप्टने करावीत, ह्या मतावर मी म्हणूनच ठाम आहे.

दोन, प्रमोट करायच्या आधी रेप्लिका कुठे थांबली ते लिहून ठेवा.

```sql
SELECT pg_last_wal_replay_lsn(), pg_last_xact_replay_timestamp();
SELECT pg_promote();
SELECT pg_is_in_recovery();
```

शेवटच्या ओळीचं उत्तर `f` आलं पाहिजे. वरची वेळ नंतर "नेमक्या कोणत्या ऑर्डर गेल्या" शोधायला लागते, आणि प्रमोट झाल्यावर सर्व्हर एकदा रिस्टार्ट झाला की ती ह्या फंक्शनमधून मिळत नाही.

तीन, एकच अ‍ॅप सर्व्हर चालू करा, क्रॉन आणि क्यू वर्कर बंद ठेवून. एक खरी ऑर्डर शेवटपर्यंत टाका, पेमेंटसकट. चार, बाकीचे सर्व्हर वाढवा. पाच, मग डीएनएस वळवा.

डीएनएसचा टीटीएल त्या दिवशी कमी करून काही होत नाही, कारण लोकांच्या कॅशमध्ये जुना टीटीएल आधीच बसलेला असतो. तो आजच 60 सेकंद करून ठेवा. काही क्लायंट टीटीएल मानतही नाहीत, जावावाल्यांनी `networkaddress.cache.ttl` बघून घ्यावा. आणि रेकॉर्ड बदलायची सोयच पडलेल्या रिजनवर अवलंबून असू शकते. उदाहरणार्थ रूट 53 चं कंट्रोल प्लेन us-east-1 मध्ये आहे, उत्तरं देणारा भाग मात्र जगभर पसरलेला. म्हणून त्या दिवशी रेकॉर्ड एडिट करायची वेळ येऊ देऊ नका, फेलओव्हर रेकॉर्ड आधीच बनवून हेल्थ चेकला जोडा, आणि तो हेल्थ चेक तुमच्या हातातल्या एका स्विचवर ठेवा.

सहा, नव्या प्रायमरीचा लगेच बेस बॅकअप सुरू करा आणि आर्काइव्ह जातंय का बघा. ह्या गडबडीत नवी प्रायमरी दोन-दोन दिवस बिनबॅकअपची चाललेली मी पाहिली आहे.

सात, सगळ्यात शेवटी क्यू आणि क्रॉन.

सावधान: क्रॉन आधी चालू केले तर जी कामं जुन्या बाजूला पूर्ण झाली पण त्याची नोंद रेप्लिकापर्यंत पोचली नाही ती पुन्हा होतात. ग्राहकाला दोन ईमेल गेले तर चालून जाईल, कार्डवर दोनदा पैसे कापले गेले तर नाही. पेमेंटच्या कॉलला आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तोच कॉल दोनदा गेला तरी पैसे एकदाच कापले जावेत अशी खूण, नसेल तर फेलओव्हरचा विचार करण्याआधी ती लावा.

## 6. वॉर्म स्टँडबाय आणि अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह कधी

44 मिनिटांत चालत असेल तर इथे येऊच नका. आरटीओ पंधरा मिनिटांच्या आसपास असेल तर वॉर्म स्टँडबाय: तीच रचना, फक्त दोन अ‍ॅप सर्व्हर कायम चालू. खर्च वाढतो पण एक मोठा फायदा होतो, तिकडे रोज थोडं टेस्ट ट्रॅफिक सोडता येतं आणि कोटा, सर्टिफिकेट, आयपी असली भानगड संकटाच्या दिवशी न कळता आधीच कळते.

अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्हमध्ये दोन्ही रिजन खरं ट्रॅफिक घेतात. वाचणं दोन्हीकडे करणं सोपं आहे, अवघड आहे ते लिहिणं. समजा एका वस्तूचे 5 नग शिल्लक आहेत. पहिल्या रिजनमध्ये 3 विकले गेले, त्याने शिल्लक 2 लिहिली. त्याच सेकंदाला दुसऱ्यात 4 विकले गेले, त्याने 1 लिहिली. दोन्हीकडचं रेप्लिकेशन भेटलं, "शेवटचा लिहील तो खरा" ह्या नियमाने शिल्लक 1 राहिली, आणि विकले गेले 7. कुठेही एरर नाही, लॉग स्वच्छ, फक्त माल नाही. डायनॅमोडीबीच्या ग्लोबल टेबल्स नेहमीच्या असिंक्रोनस मोडमध्ये ह्याच नियमाने चालतात, त्यात त्यांचा दोष नाही, तो नियम मोजणीच्या आकड्यांना चालत नाही एवढंच.

उपाय दोन. एक तर प्रत्येक कमिट दोन्ही रिजनने मान्य केल्याशिवाय पूर्ण धरायचं नाही, मग रिजनमधलं जाऊन-येऊनचं अंतर 70 मिलिसेकंद असेल तर प्रत्येक कमिटला तेवढा भुर्दंड कायमचा. किंवा प्रत्येक ग्राहकाला आणि प्रत्येक स्टॉकला एक घरचा रिजन ठरवून द्यायचा, त्याचे राइट्स तिथेच. बहुतेकांना दुसराच उपाय परवडतो, आणि खरं सांगायचं तर तो म्हणजे एकमेकांना आधार देणाऱ्या दोन पायलट लाइट किंवा वॉर्म स्टँडबायच असतात, नाव फक्त भारी.

तपासा: दोन्ही रिजन रोज 70 टक्के भरून चालत असतील तर एक गेल्यावर दुसऱ्यावर 140 टक्के येतील. दोन रिजन असतील तर प्रत्येकी 50 च्या खाली राहावं लागतं. खर्च मंजूर करून घेताना हा आकडा सांगा, नाहीतर वर्षभरात कोणीतरी "अर्धी मशीन रिकामीच आहेत की" म्हणून ती काढून टाकतं.

## 7. ड्रिल आणि परत येणं

ड्रिल तीन महिन्यांतून एकदा, आणि ज्याने रनबुक लिहिलं त्याला कीबोर्डपासून लांब बसवून. तो बसला की त्याच्या डोक्यातल्या पायऱ्या तो न बोलता करून टाकतो आणि रनबुकातली भोकं तशीच राहतात. मूळ रिजनचे सगळे लॉगिन त्या दिवसापुरते बंद करा. विकी, चॅट, पासवर्ड मॅनेजर त्याच रिजनमध्ये असेल तर तिथेच पहिल्या पाच मिनिटांत कळेल. प्रत्येक ओळीसमोर मोजलेली मिनिटं लिहा आणि तिसऱ्या पायरीतला हिशोब बदला, कारण डेटाबेस वाढत असतो. 600 चा 900 जीबी झाला की बेस बॅकअपची 100 मिनिटं 150 होतात, आणि डेटा खराब झाल्यावरचे चार तास, जे काठावर बसत होते, ते गुपचूप मोडतात.

परत येणं म्हणजे दुसरा फेलओव्हरच, फक्त वेळ आपण निवडलेली, म्हणून ते घाईत करू नका. जुनी प्रायमरी परत आली की तिला नव्याची रेप्लिका बनवायचं. `pg_rewind` ने ते लवकर होतं, पण त्याला डेटा चेकसम किंवा `wal_log_hints` आधीपासून चालू असावे लागतात. नसतील तर 600 जीबी पुन्हा कॉपी.

आणि `pg_rewind` चालवायच्या आधी जुन्या प्रायमरीच्या डिस्कचा स्नॅपशॉट घ्या, न चुकता. तुटण्याआधीच्या शेवटच्या काही सेकंदांच्या ज्या ऑर्डर रेप्लिकापर्यंत पोचल्या नव्हत्या त्या फक्त ह्याच डिस्कवर आहेत आणि रिवाइंड त्या पुसून टाकतं. स्नॅपशॉट वेगळ्या मशीनवर, नेटवर्कपासून तोडून चालू करा, पाचव्या पायरीत लिहून ठेवलेल्या वेळेनंतरच्या ऑर्डर काढा, पेमेंट गेटवेच्या रिपोर्टशी जुळवा, आणि ज्यांचे पैसे कापले गेले पण नव्या बाजूला ऑर्डर नाही त्यांची यादी सपोर्टच्या हातात द्या. ते झालं की मग रिवाइंड.